मुरघास

मुरघास : हिरवी वैरण बारीक कापून, दाबून व हवाबंद करून साठविली असता तिच्यातील साखरेपासून लॅक्टिक अम्ल तयार होते आणि त्या अम्लामुळे वैरण महिनोन्‌महिने टिकते. अशा मुरविलेल्या वैरणीस मुरघास म्हणतात. ज्या खड्ड्यात किंवा कोठीत ती मुरविली जाते त्यास सायलो असे नाव आहे. मुरघासासाठी अनेक पिके वापरली जातात. परंतु मका व ज्वारी ही त्यांत प्रमुख होत. वैरण खड्ड्यात घालून टिकविण्याची रीत जुनी असली, तरी ती कशामुळे टिकते हे समजण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ लागला. या काळात मांडल्या गेलेल्या चुकीच्या कल्पनांनी पुष्कळ वैरण वाया गेली आणि त्या सुधारत असतानाच आजची पद्धत सिद्ध झाली. त्यामुळे या पद्धतीतील प्रत्येक क्रियेचे कारण तिच्या इतिहासात सापडते.

पूर्वपीठिका : सायलो हा शब्द मूळचा धान्याच्या भुयारी कोठाराचा आहे. स्पेन व उत्तर आफ्रिका येथे कोरड्या जमिनीत खड्डे खणून त्यांत धान्य साठवीत. दख्खनमधील पेव हे त्याच जातीचे कोठार होय. पेवाचे तोंड बंद केल्यावर आतील धान्य व कीटक यांच्या श्वसनामुळे हवेतील ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू साठतो. परिणामी किडे मरतात व धान्य टिकते. नुकत्याच उघडलेल्या पेवात एकदम उतरू नये, हा जुन्या लोकांचा दंडक याच कारणाने पडला. मुरघासाच्या खड्ड्यातही आरंभी हेच घडते. मात्र धान्य कोरडे असते आणि हिरव्या वैरणीत दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. ओलसर पदार्थ केवळ ऑक्सिजन संपल्याने टिकत नाही, कारण हवेशिवाय वाढणारे व पदार्थ कुजविणारे जंतूही असतात. पेव व मुरघासाचा खड्डा यांतील हा भेद ध्यानात न आल्यामुळेच पुढील बराच गोंधळ झाला.

आरंभीचे प्रयोग : मध्य यूरोपात बीटचा पाला व चोथा खड्ड्यात दाबून हिवाळ्यासाठी ठेवण्याची चाल होती. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील साखर कारखानदार आडोल्फ रायलेन यांनी १८६० नंतरच्या दशकात हीच रीत हिरव्या मक्यास लावली. त्या थंड प्रदेशात उंच वाढणाऱ्या मक्याचे दाणे पक्व होण्यापूर्वीच हिमतुषार पडे व उभे पीक वाया जाई. असा मका खंदकात दाबून मातीने झाकल्यास तो गुरे खातात, असे त्यांस आढळले. त्यांच्या प्रयोगांची माहिती फ्रेंच कृषिनियतकालिकांतून प्रसिद्ध झाली.

या विषयाचा पद्धतशीर पाठपुरावा फ्रान्समधील जमीनदार ऑग्यूस्त गोफार यांनी केला. सोलोन्य या हलक्या जमिनीच्या प्रदेशात त्यांची शेती होती. त्यांनी १८५० च्या सुमारास प्रयोगांस आरंभ केला आणि अनेक वर्षांच्या अपयशानंतर मका टिकविण्यात यश मिळविले. १८७७ मध्ये त्यांनी मका व इतर हिरवी वैरण मुरविण्यासंबंधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. थोड्याच काळात त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघाले व तेथे ही पद्धत वेगाने पसरली. गोफार यांचा आग्रह दोन गोष्टींवर होता : मका अगदी बारीक कापावा आणि भरलेल्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यांवर दगडांचे जड वजन ठेवावे. ह्या दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मात्र त्यांचे कारण देताना ते चुकले. वैरणीचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होऊच नये यासाठी हे करावयाचे, असे त्यांचे मत होते. त्यांचा मका वस्तुतः आंबूनच टिकला होता. वजनामुळे हवा बाहेर पडली आणि त्यामुळे योग्य प्रकारचे किण्वन झाले, एवढेच खरे होते.

गोड मुरघासाचा वाद : किण्वन वाईट, ही समजूत इंग्लंडमध्ये आणखी पुढे गेली. तेथील मुरघास पुष्कळदा आंबट व उग्र वासाचा होई. जॉर्ज फ्राय यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यावर उपाय सुचविला. वैरण खड्ड्यात सैल भरावी व तिचे तापमान सु. ५०° से. पर्यंत चढू द्यावे, म्हणजे अम्ल करणारे जंतू मरतील. नंतर ती दाबावी व बंद करावी, असा तो उपाय होता. यातून निघणारा मुरघास तपकिरी रंगाचा व भाजलेल्या साखरेसारख्या वासाचा असे. गुरे तो आवडीने खात. त्यामुळे काही काळ ही पद्धत लोकप्रिय झाली.

परंतु वैरण तापते ती तिच्यातील साखर जळाल्यामुळे. कापलेल्या वनस्पतीच्या कोशिका काही काळ जिवंत असतात व हवा मिळेल तोवर श्वसन करीत राहतात. साखर व ऑक्सिजन यांपासून कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व उष्णता निर्माण होतात. म्हणजे ज्या साखरेपासून गुरांना पोषण मिळावयाचे, तीच खड्डा तापविण्यात खर्च होते. शिवाय जास्त तापलेल्या वैरणीतील प्रथिने साखरेशी संयोग पावून दुष्पाच्य होतात. गुरे खातात यावरून वैरणीचा कस ठरत नाही, हा धडा यातून मिळाला. आजही खड्डा भरण्यास चार-पाच दिवस लावले किंवा वैरण नीट दाबली नाही, तर नकळत फ्राय यांचाच मुरघास तयार होतो. तपकिरी रंग व काकवीसारखा वास ही त्याची खूण होय.

अमेरिकेत वादाचे स्वरूप निराळे होते. तेथे जमिनीवर उभ्या कोठ्या बांधण्यात येऊ लागल्या. आरंभीच्या कोठ्या चौकोनी होत्या व त्यांच्या कोपऱ्यांतील वैरण हमखास बुरशीने खराब होई. विस्कॉन्सिन येथील एफ्. एच्. किंग यांनी अनेक कोठ्यांची पाहणी करून १८९१ च्या सुमारास वर्तुळाकार कोठीचा पुरस्कार केला. कोपऱ्यात वैरण नीट दबत नाही, तेथे हवा राहते व नासाडी तेथूनच सुरू होते, हे त्यांनी दाखविले. त्याच ठिकाणच्या बॅबकॉक व रसेल या शास्त्रज्ञांनी १९०० मध्ये असे मत मांडले की, मुरघास बनण्यास जंतूंपेक्षा वनस्पतीच्या कोशिकांचे श्वसनच मुख्यतः कारणीभूत असते. पहिल्या काही तासांपुरते ते योग्य होते. पण त्यानंतर जे अम्ल वैरण टिकविते त्याचा उलगडा त्यातून होत नव्हता. लॅक्टिक किण्वन सूक्ष्मजंतूंमुळे घडते, हे फ्रान्समध्ये पाश्चर यांनी १८५७ मध्येच दाखविले होते. मुरघासाच्या बाबतीत तेच जंतू मुख्य कार्य करतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हळूहळू मान्य झाली.

अम्लतेचा निकष : शेवटची महत्त्वाची पायरी फिनलंडमध्ये गाठली गेली. तेथील रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी व्हिर्टानेन यांनी वैरणीची अम्लता मोजून असे दाखविले की, पीएच मूल्य ४ च्या खाली गेले की वनस्पतीचे श्वसन व कुजविणाऱ्या जंतूंची वाढ ही दोन्ही जवळजवळ थांबतात. (पीएच मूल्य जितके कमी तितकी अम्लता अधिक, शुद्ध पाण्याचे मूल्य ७ असते.) गवत व क्लोव्हर यांसारख्या कमी साखरेच्या व जास्त प्रथिनांच्या वैरणीत ही अम्लता आपोआप येत नाही. म्हणून त्यांनी हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक अम्लांचे विरल मिश्रण वैरणीवर शिंपडण्याची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ए. आय. व्ही. पद्धत म्हणून ओळखली जाते. कृषी व पोषण रसायनशास्त्रातील कार्याबद्दल, विशेषतः वैरण टिकविण्याच्या या पद्धतीबद्दल, त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गोफार यांना मक्यातच यश का आले, याचेही उत्तर येथे मिळते. मका व ज्वारी यांच्या ताटात साखर भरपूर असते आणि अम्लता वाढण्यास विरोध करणारी प्रथिने व क्षार त्या मानाने थोडे असतात. त्यामुळे बाहेरून अम्ल किंवा मळी न घालताही ही पिके स्वतःचे पीएच मूल्य ४ च्या आसपास आणतात. माणसाने फक्त हवा दूर ठेवावयाची आणि पाण्याचे प्रमाण योग्य राखावयाचे.

किण्वनाची क्रिया : खड्डा बंद केल्यावर आत अडकलेला ऑक्सिजन वैरण घट्ट दाबलेली असल्यास काही तासांतच संपतो. त्यानंतर पानांवर मुळातच असलेले लॅक्टिक अम्ल जंतू झपाट्याने वाढतात. त्यांचे दोन गट आहेत. पहिल्या गटातील जंतू ग्लुकोज साखरेच्या एका रेणूपासून लॅक्टिक अम्लाचे दोन रेणू तयार करतात. यात वजनाची घट होत नाही व साखरेतील बहुतेक सर्व ऊर्जा अम्लात शिल्लक राहते. दुसऱ्या गटातील जंतू लॅक्टिक अम्लाबरोबर अल्कोहॉल किंवा ॲसिटिक अम्ल व कार्बन डाय-ऑक्साइडही बनवितात. त्यामुळे थोडी घट येते. साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत पीएच मूल्य ३·८ ते ४·२ पर्यंत उतरते व क्रिया मंदावते. व्यवहारात खड्डा सु. ४५ दिवसांनी उघडतात.

अम्लता पुरेशी न वाढल्यास क्लॉस्ट्रिडियम वंशातील जंतू डोके वर काढतात. ते मातीबरोबर वैरणीत येतात, हवेशिवाय वाढतात आणि त्यांना पाणी अधिक लागते. ते लॅक्टिक अम्लाच्या दोन रेणूंपासून ब्युटिरिक अम्लाचा एकच रेणू बनवितात. उरलेला भाग वायुरूपाने निघून जातो. १८० ग्रॅ. लॅक्टिक अम्लापासून अवघे ८८ ग्रॅ. ब्युटिरिक अम्ल मिळते. अशा रीतीने अम्लता घटते, ती घटल्याने हे जंतू आणखी वाढतात आणि पुढे प्रथिनेही कुजून अमोनिया तयार होतो. खवट लोण्यासारखा, हाताला लागल्यास धुतल्यावरही न जाणारा वास व चिकटपणा यांवरून हा बिघाड ओळखता येतो. ह्या बिघाडाचा उगम जवळजवळ नेहमी जास्त पाणी किंवा वैरणीत मिसळलेली माती यांत असतो.

पाण्याचे प्रमाण व कापणीची वेळ : मुरघासासाठी वैरणीत ६५ ते ७० टक्के पाणी असणे इष्ट असते. त्याहून अधिक असल्यास खड्ड्याच्या तळाशी रस साचतो, त्याबरोबर साखर व क्षार वाहून जातात आणि क्लॉस्ट्रिडियमांना अनुकूल परिस्थिती निर्माण होते. ६० टक्क्यांहून कमी असल्यास वैरण ताठर राहते, नीट दबत नाही व पोकळीत राहिलेल्या हवेमुळे बुरशी येते.

हे प्रमाण मुख्यतः कापणीच्या वेळेवर अवलंबून असते. मक्याचे दाणे दुधाळ असताना ताटात सु. ८० टक्के पाणी असते. दाणे चिकातून घट्ट होऊ लागले म्हणजे ते ७० टक्क्यांखाली येते. कणीस मधोमध मोडून दाण्याची कड पाहिल्यास वरचा पिवळा घट्ट भाग व खालचा पांढरा दुधाळ भाग यांमध्ये एक रेषा दिसते. ही रेषा दाण्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली उतरली की मका कापण्यास योग्य झाला असे समजतात. ज्वारीच्या बाबतीत दाणे हुरड्याच्या अवस्थेत असण्याची वेळ योग्य ठरते. कोवळ्या अथवा पावसाने ताण दिलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक अम्ल हे विष निर्माण करणारे द्रव्य असते. मुरविताना त्याचे प्रमाण कमी होत असले, तरी पोटरीपूर्वीची ज्वारी मुरघासासही घेऊ नये.

पाण्याचा अंदाज हातानेही घेता येतो. कापलेल्या वैरणीची मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडावी. बोटांमधून पाणी ठिबकल्यास वैरण फार ओली आहे. गोळा तसाच राहून तळहात भिजल्यास ती थोडी ओली आहे. गोळा सावकाश उलगडला व तळहात केवळ दमट झाला, तर प्रमाण योग्य आहे. गोळा तत्काळ विस्कटल्यास वैरण वाळली आहे. ओली वैरण कापून शेतात पसरून सुकविता येते. ८० टक्के पाणी असलेल्या १,००० किग्रॅ. मक्यात कोरडा पदार्थ २०० किग्रॅ. असतो. पाणी ६८ टक्क्यांवर आणावयाचे, तर हा कोरडा पदार्थ एकूण वजनाच्या ३२ टक्के व्हावयास हवा, म्हणजे एकूण वजन ६२५ किग्रॅ. व्हावयास हवे. याचा अर्थ ३७५ किग्रॅ. पाणी उडून जावे लागते. जाड ताटांतून एवढे पाणी एका दिवसात जात नाही. म्हणून घाईने दुधाळ मका कापून नंतर सुकविण्यापेक्षा कापणीच आठ-दहा दिवस पुढे ढकलणे श्रेयस्कर ठरते.

कापणे, दाबणे व झाकणे : वैरणीचे तुकडे १ ते २ सेंमी. लांबीचे करतात. बारीक तुकडे घट्ट बसतात व त्यांच्या कापलेल्या टोकांतून पाझरणारा साखरेचा रस जंतूंना लगेच मिळतो. कडबा कापण्याच्या यंत्रातून निघालेली कुट्टी खड्ड्यात १५ ते २० सेंमी. जाडीच्या थरांनी पसरून प्रत्येक थर तुडवितात. मोठ्या खड्ड्यात ट्रॅक्टर फिरवितात. लहान खड्ड्यात माणसे तुडवितात. भिंतीलगतचा भाग व कोपरे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण किंग यांच्या कोठ्यांप्रमाणेच खड्ड्यातही नासाडीचा आरंभ तेथून होतो. घट्ट तुडविलेल्या मक्याचे वजन दर घनमीटरास सु. ५५० किग्रॅ. भरते.

एक खड्डा शक्यतो एकाच दिवशी भरावा. वैरण जमिनीच्या पातळीच्या वर घुमटाकार चढवितात, म्हणजे ती खचल्यावर मध्ये खळगा पडत नाही व पावसाचे पाणी साचत नाही. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून १५ ते २० सेंमी. माती टाकतात. प्लॅस्टिकचा कागद दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आला. तत्पूर्वी पाचट व चिखल यांनी खड्डे झाकीत आणि वरचा बराच थर कुजलेला निघे, तो टाकून द्यावा लागे. कागदाखाली उंदरांनी पाडलेले छिद्र किंवा मातीस पडलेली भेग वेळीच न बुजविल्यास तेथून खाली नरसाळ्याच्या आकाराचा बुरसट भाग तयार होतो.

खड्ड्याचे आकारमान : उघडलेल्या खड्ड्यात हवा पुन्हा शिरते आणि हा धोका शेतकऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. यीस्ट जातीच्या काही बुरश्या अम्लातही जिवंत राहतात. हवा मिळताच त्या लॅक्टिक अम्ल खाऊ लागतात. पीएच मूल्य वाढते, वैरण तापते व मागोमाग केसाळ बुरशी येते. उष्ण हवामानात हे दोन-तीन दिवसांतही घडते. सैल वैरणीत हवा उघड्या तोंडापासून एक मीटरपर्यंत आत जाऊ शकते. म्हणून खड्डा किती मोठा हवा हे एकूण वैरणीवरून जितके ठरते, तितकेच रोज किती वैरण काढली जाणार यावरूनही ठरले पाहिजे.

उदाहरणार्थ, पाच दुभत्या जनावरांना दररोज प्रत्येकी २० किग्रॅ. मुरघास उन्हाळ्याचे १०० दिवस द्यावयाचा आहे. रोजची गरज १०० किग्रॅ. व एकूण गरज १०,००० किग्रॅ. होते. किण्वन व नासाडी यांतील घट धरून १२,००० किग्रॅ. हिरवा मका भरावा लागेल. हेक्टरी ४० टन हिरवी वैरण मिळाल्यास त्यासाठी ३० गुंठे पीक पुरते. दर घनमीटरास ५५० किग्रॅ. या हिशोबाने सु. २२ घ. मी. जागा हवी.

सर्वसाधारणपणे यासाठी २ मी. रुंद, १·५ मी. खोल व सु. ७·३ मी. लांब असा एक खड्डा खणला जातो. त्याचे उघडे तोंड ३ चौ. मी. असल्याने एक मीटर लांबीत १,६५० किग्रॅ. मुरघास बसतो आणि रोज १०० किग्रॅ. काढल्यास तोंड केवळ ६ सेंमी. मागे सरकते. याचा अर्थ, हवा एक मीटर आत शिरत असेल, तर प्रत्येक थरास गुरांपुढे येण्यापूर्वी सोळा दिवस हवा लागते. असा मुरघास उघडताना उत्तम असला, तरी पुढे गरम व बुरसट होत जातो आणि शेतकरी दोष मक्याला देतो. त्याऐवजी १·२ मी. रुंद, १ मी. खोल व ६ मी. लांब असे तीन खड्डे घेतल्यास जागा जवळजवळ तेवढीच, म्हणजे २१·६ घ. मी. होते, पण तोंड १·२ चौ. मी. असल्याने ते रोज सु. १५ सेंमी. मागे सरकते. प्रत्येक खड्ड्यात सु. ४,००० किग्रॅ. वैरण बसते. ती एका दिवसात कापून, तुडवून, बंद करता येते व महिनाभर पुरते. एखादा खड्डा बिघडला तरी उरलेले दोन सुरक्षित राहतात. लहान खड्ड्यांत भिंतींचे क्षेत्रफळ वाढते, म्हणून त्यांना आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावणे अगत्याचे असते.

हवेत तापण्याच्या या दोषावर जंतूंचाच उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या गटातील लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जंतू काही लॅक्टिक अम्लाचे ॲसिटिक अम्लात रूपांतर करतो व ॲसिटिक अम्ल यीस्टच्या वाढीस आळा घालते. याचे विरजण मका भरताना शिंपडतात. त्याचा परिणाम दिसण्यास सु. दोन महिने लागतात आणि सैल भरलेल्या खड्ड्याचा दोष त्याने भरून निघत नाही.

परीक्षा व दक्षता : चांगला मुरघास पिवळसर हिरव्या रंगाचा असून त्यास आंबट फळासारखा वास येतो. त्यातील पानाचे व ताटाचे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात आणि तो हातास थंड लागतो. हात घातल्यावर ऊब लागणे हे हवा शिरत असल्याचे पहिले चिन्ह होय. बुरशी नंतर दिसते. बुरसट भाग काढून टाकावा, तो चांगल्या भागात मिसळून जनावरांना देऊ नये. मुरघासाचा वास दुधास लागू नये म्हणून तो धार काढल्यानंतर देतात. नव्याने देताना आठवडाभरात प्रमाण हळूहळू वाढवितात.

भरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खोल खड्ड्यात किंवा कोठीत उतरणे धोक्याचे असते. कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचतो. याशिवाय जास्त नत्र खत दिलेल्या किंवा अवर्षणात सापडलेल्या पिकातील नायट्रेटापासून नायट्रोजन डाय-ऑक्साइड हा तांबूस-पिवळा विषारी वायू निर्माण होतो. पेवात दिवा सोडून हवेची परीक्षा करण्याची जुनी रीत पहिल्या वायूचा सुगावा देते. दुसऱ्याचा देत नाही.

महाराष्ट्रातील स्थान : महाराष्ट्रात वैरण टिकविण्याची प्रमुख रीत वाळलेल्या कडब्याची गंजी रचण्याची आहे. रब्बी ज्वारी कोरड्या हवेत निघत असल्याने तिला ही रीत सर्वस्वी योग्य ठरते. वाळलेला कडबा वर्षभर टिकतो व त्यासाठी खड्डा वा प्लॅस्टिक लागत नाही. खरीप मका व ज्वारी यांची स्थिती निराळी आहे. ती पिके कापणीस येतात तेव्हा पाऊस चालू असतो, ताटे वाळत नाहीत व गंजीत काळी पडतात. मुरघासाचे खरे क्षेत्र येथे आहे. सिंचनाखालील भागात दुग्धव्यवसायाबरोबर मक्याचा मुरघास रूढ झाला असून खड्ड्यांखेरीज जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांतही तो भरला जातो. पिशवीचे तोंड लहान असल्याने दोन-तीन जनावरांच्या गोठ्यास ती सोयीची पडते. मात्र एकदा फाटलेली पिशवी लगेच सांधली नाही, तर सबंध पिशवी हातची जाते.

मुरविल्याने वैरणीचा कस वाढत नाही. जो असतो त्यातील बराचसा टिकतो, इतकेच. मक्याच्या कोरड्या पदार्थात प्रथिने सु. ८ टक्के असतात व मुरघासातही ती त्याच सुमारास राहतात. म्हणून दुभत्या जनावरांना त्याच्या जोडीला पेंड किंवा द्विदल वैरण द्यावी लागते. दाणे काढून घेतलेली, वाळलेली ताटे पाणी शिंपडून मुरविण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. त्या ताटांत साखर फारशी उरलेली नसते, त्यामुळे पुरेसे अम्ल तयार होत नाही व वैरण कुजते. अशी ताटे कडबा म्हणूनच चारणे योग्य असते.